सरकारने कर कमी केला आणि ॲक्सिस बँक तोट्यात गेली! हे कसं काय?

२० सप्टेंबर २०१९. शुक्रवारचा दिवस होता. जीएसटी काउन्सिलच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन गोव्यात होत्या. बैठकीआधी त्यांनी पणजीत पत्रकार परिषद घेतली आणि कंपन्यांवरचा आयकर एका झटक्यात खाली आणला. सवलती सोडायला तयार असलेल्या कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्के, आणि अधिभार-उपकर धरून २५.१७ टक्के. त्याआधी मोठ्या कंपन्यांना सगळं धरून ३४.९४ टक्के भरावे लागत होते.

शेअर बाजार अक्षरशः उधळला. सेन्सेक्स एका दिवसात १,९२१ अंकांनी वर गेला.

मग ऑक्टोबर उजाडला आणि तिमाही निकाल यायला लागले. ॲक्सिस बँकेने सांगितलं, या तिमाहीत आम्हाला ११२ कोटींचा तोटा झाला. चारच दिवसांनी आयसीआयसीआय बँकेने नफा सांगितला फक्त ६५५ कोटी. दोन्ही बँकांनी कारण एकच दिलं होतं, आणि ते म्हणजे करकपात.

आता तुम्ही म्हणाल, कर कमी झाला तर नफा वाढायला पाहिजे ना? तोटा कसा झाला?

याचं उत्तर निकालपत्रातल्या 'डिफर्ड टॅक्स' या एका ओळीत आहे. बहुतेक लोक ती ओळ वाचतच नाहीत. पण "अमुक कंपनीचा नफा तिप्पट" किंवा "तमुक बँक तोट्यात" असे मेसेज ग्रुपवर फिरतात आणि ते बघून कुणी शेअर घेतो, कुणी विकून मोकळा होतो, तेव्हा पुष्कळदा खरी गोष्ट याच ओळीत असते.

सुरुवात अगदी मुळापासून करू.

एकच धंदा, पण नफे दोन

कंपनीचे दोन नफे असतात. पहिला हिशोबाच्या वहीतला, म्हणजे पुस्तकी नफा. तो कंपनी कायदा आणि अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे काढतात आणि भागधारकांना दाखवतात. दुसरा करपात्र नफा. तो आयकर कायद्याच्या नियमांनी काढतात आणि त्यावर कर भरतात.

लगेच "म्हणजे दोन वह्या, दोन नंबरचा धंदा!" असं म्हणू नका. वही एकच असते. वहीतला नफा घ्यायचा, आयकर कायद्याला जे खर्च मान्य नाहीत ते परत मिळवायचे, कायदा जे जास्तीचे खर्च देतो ते वजा करायचे. उरतो तो करपात्र नफा. हे उघडपणे होतं आणि विवरणपत्रात लिहिलेलं असतं.

फरक पडतो कारण दोन्ही कायद्यांची चिंता वेगळी आहे. भागधारकाला कळायला हवं की धंद्याची खरी स्थिती काय आहे. सरकारला एकीकडे कर बुडू द्यायचा नाही, दुसरीकडे लोकांनी नवी यंत्रं घ्यावीत म्हणून थोडं आमिषही दाखवायचं आहे.

उदाहरण यंत्राचंच घेऊ. समजा, एका कारखान्याने एप्रिलमध्ये १५० लाखांचं यंत्र घेतलं. वहीत ते १५ वर्षं चालेल असं धरलं आणि भंगाराची किंमत सोपेपणासाठी सोडून दिली, तर दरवर्षी १० लाख घसारा. आयकरात मात्र साध्या यंत्रसामग्रीला १५ टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे पहिल्या वर्षी साडेबावीस लाख, पुढच्या वर्षी १९ लाखांच्या आसपास, आणि असाच कमी होत जाणारा.

घसारा धरण्याआधी कारखान्याचा नफा ६० लाख आहे असं समजा. वहीत नफा ५० लाख दिसेल, आयकर खात्याकडे साडेसदतीस लाख. कराचा दर सरळ २५ टक्के धरला तर प्रत्यक्ष भरायचा कर ९,३७,५०० रुपये.

मालकाला ५० लाखांच्या नफ्यावर एवढाच कर बघून आनंद होईल. पण हा आनंद उसना आहे. यंत्र एकच आहे आणि त्याची किंमत दोन्हीकडे १५० लाखच आहे. आयकरात सुरुवातीला घसारा जास्त घेतला, तर नंतर कमीच मिळणार. गणित करून बघा, सहाव्या वर्षी आयकरातला घसारा १० लाखांच्या खाली येतो. तिथून वहीतला नफा कमी आणि करपात्र नफा जास्त, असं उलटं चक्र सुरू होतं. आज वाचलेला कर तेव्हा भरावा लागतो.

म्हणून हिशोबनीस पहिल्याच वर्षी सावध होतो. ५० लाखांवर २५ टक्क्यांनी १२,५०,००० रुपये कर व्हायला हवा होता. भरला ९,३७,५००. उरलेले ३,१२,५०० रुपये तो 'डिफर्ड टॅक्स', म्हणजे पुढे ढकललेला कर, म्हणून खर्चात दाखवतो आणि ताळेबंदात देणं म्हणून लिहितो. यालाच डिफर्ड टॅक्स लायबिलिटी म्हणतात. पाच वर्षांत दोन्ही घसाऱ्यांमधला फरक सुमारे साडेतेहतीस लाखांवर जातो आणि हे देणं सव्वाआठ लाखांच्या थोडं वर.

एक गोष्ट लक्षात घ्या. या देण्यासाठी सरकारची नोटीस येत नाही, त्यावर व्याज लागत नाही, भरायची तारीख नसते. कारखाना दर दोन-तीन वर्षांनी नवी यंत्रं घेत राहिला तर जुन्या यंत्राचं देणं उतरायच्या आत नव्याचं चढतं आणि एकूण आकडा वर्षानुवर्षं वाढतच राहतो. माझ्या मते हे सरकारने दिलेलं बिनव्याजी कर्जच आहे, फक्त फेडण्याची वेळ यंत्रखरेदी थांबल्यावर येते. हे देणं ताळेबंदात पूर्ण आकड्याने लिहावं लागतं. ते दहा वर्षांनी द्यायचंय म्हणून आज कमी धरू, ही मुभा अकाउंटिंग स्टँडर्ड देत नाही.

सगळेच फरक असे परत फिरत नाहीत. कायदा मोडल्याचा दंड किंवा सीएसआरवरचा खर्च आयकरात खर्च म्हणून मान्य नाही, आज नाही आणि पुढेही नाही. त्यात पुढे ढकललेलं काही नसल्यामुळे तिथे डिफर्ड टॅक्स येत नाही.

बँकेचं चक्र उलटं फिरतं

कारखाना कर नंतर भरतो, पण बँक आधीच भरून बसते. कारण आहे बुडीत कर्ज.

कर्जदाराचे हप्ते थकले की रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेला त्या कर्जासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. पैसे बुडालेत असं अजून नक्की नाही, पण बुडू शकतात म्हणून आधीच रक्कम बाजूला काढायची. वहीतला नफा तिथेच कमी होतो.

आयकर कायदा मात्र म्हणतो की 'बुडू शकतं' हे मला पूर्ण मान्य नाही. तो एका मर्यादेपर्यंतच तरतुदीची वजावट देतो. साधारण उत्पन्नाच्या साडेआठ टक्के, आणि ग्रामीण शाखांनी दिलेल्या कर्जांच्या सरासरीवर दहा टक्के. त्याच्या वरची तरतूद कर काढताना धरली जात नाही. पुढे बँकेने ते कर्ज खरोखर निर्लेखित केलं, म्हणजे 'राइट ऑफ' केलं, की मगच वजावट मिळते.

२०१५ नंतरची काही वर्षं आठवा. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या खात्यांची कसून तपासणी केली. पोलाद, वीज, रस्ते अशा क्षेत्रांतली मोठमोठी कर्जं थकीत म्हणून जाहीर करावी लागली. तरतुदींचे डोंगर झाले. आयकरात मात्र त्यातलं बरंच लगेच मान्य झालं नाही.

एक काल्पनिक बँक घेऊ. तरतुदीआधीचा नफा ४०० कोटी, तरतूद १०० कोटी. वजावटीची मर्यादा आधीच संपली आहे असं समजा. वहीत नफा ३०० कोटी, करपात्र नफा ४०० कोटी. जुना दर सोपेपणासाठी ३५ टक्के धरला तर बँकेने भरले १४० कोटी. वहीतल्या नफ्यावर ते १०५ कोटी झाले असते. हे वरचे ३५ कोटी कुठे गेले? बँक म्हणते, ते गेलेले नाहीत. कर्ज निर्लेखित होईल त्या वर्षी १०० कोटींची वजावट मिळेल आणि माझा कर ३५ कोटींनी कमी होईल. म्हणून ते माझं येणं आहे. ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून लिहिलं जातं, डिफर्ड टॅक्स ॲसेट.

या मालमत्तेचा स्वभाव मात्र वेगळा आहे. सरकारकडे जाऊन "माझे ३५ कोटी परत द्या" असं बँक म्हणू शकत नाही. तिला मिळणार आहे ती भविष्यात १०० कोटींच्या नफ्यावर कर न भरण्याची सूट. त्या सुटीची किंमत तेव्हाच्या कराच्या दरावर ठरणार.

तर झालं असं की २० सप्टेंबर २०१९ ला दरच बदलला.

नव्या २५ टक्के दराने त्याच १०० कोटींच्या वजावटीतून २५ कोटी वाचतील. भरले होते ३५ च्या हिशोबाने, वाचणार २५ च्या. म्हणजे ३५ कोटींच्या मालमत्तेची किंमत एका अध्यादेशाने २५ कोटी झाली. हे १० कोटी कुठे दाखवायचे? त्याच तिमाहीच्या नफ्या-तोट्यात. ॲक्सिस आणि आयसीआयसीआयने नवा दर स्वीकारला. वर्षानुवर्षं साचलेल्या सगळ्या ढिगाचं फेरमोल ३० सप्टेंबरला संपलेल्या तिमाहीतच करावं लागलं.

ॲक्सिस बँकेला या फेरमोलात २,१३८ कोटींचा फटका बसला. तो नसता तर तिमाहीचा नफा २,०२६ कोटी दिसला असता. आयसीआयसीआयचा फटका २,९२० कोटींचा होता, तो नसता तर ६५५ ऐवजी ३,५७५ कोटी नफा दिसला असता.

या आकड्यांवरून उलटं गणितही मांडता येतं. दर ३४.९४ वरून २५.१७ वर आला, म्हणजे पावणेदहा टक्क्यांच्या आसपास घट. २,१३८ कोटी ही जर कशाचे तरी पावणेदहा टक्के असेल, तर ती रक्कम साधारण २२ हजार कोटी होते. म्हणजे ढोबळमानाने ॲक्सिस बँकेने एवढ्या रकमेवर कर भरला होता आणि वजावट मिळायची बाकी होती. तोट्याच्या हेडलाइनपेक्षा मला हा आकडा जास्त बोलका वाटतो. बुडीत कर्जांचं ओझं करातही किती वर्षं आणि किती खोल अडकलं होतं, ते त्यातून दिसतं.

मग बँकेचं नुकसान झालं की फायदा? पुढच्या प्रत्येक १०० रुपये करपात्र नफ्यावर बँकेचे जवळपास १० रुपये वाचणार होते आणि तेही कायम. फटका एकदाच बसणार होता. आणि नवा दर ऐच्छिक असूनही बँकांनी तो घेतला तो याच हिशोबाने.

सिमेंटवाल्यांचं काय झालं?

आता तोच नियम कारखान्याला लावा. ज्याच्या ताळेबंदात डिफर्ड टॅक्स हे देणं आहे, त्याचं देणं दर घटल्यावर कमी होतं आणि घटलेली रक्कम नफ्यात येते.

मे २०२० मध्ये अल्ट्राटेक सिमेंटचे निकाल आले. लॉकडाउन लागलेलं होतं आणि मार्चच्या शेवटी विक्री थांबली होती, तरी तिमाहीचा नफा ३,२०० कोटींच्या वर! पण त्यात सुमारे २,११२ कोटी जुन्या डिफर्ड टॅक्सचं देणं कमी झाल्याचे होते. या नफ्यासाठी सिमेंटची एक गोणीही जास्त विकावी लागली नव्हती.

म्हणजे एकाच करकपातीने मुंबईतली एक बँक तोट्यात दिसली आणि मुंबईतलीच एक सिमेंट कंपनी नफ्यात उसळलेली दिसली. त्या तिमाहीत धंदा कसा चालला, हे दोन्ही आकड्यांवरून कळत नव्हतं.

"कंपनीने शून्य कर भरला" हा मेसेज

दरवर्षी असा एक फॉरवर्ड फिरतो. नफा हजार कोटी, कर शून्य! कधीकधी तो आकडा खराही असतो. नव्या यंत्रांवरचा घसारा, मागच्या वर्षांचा तोटा, सवलती या सगळ्यांनी करपात्र नफा शून्यावर येऊ शकतो. ऐंशीच्या दशकात हे इतकं वाढलं की 'झिरो टॅक्स कंपनी' हा शब्दच रूढ झाला. त्यावर उपाय म्हणून पुस्तकी नफ्यावरच किमान कर लावायची पद्धत आली, ती म्हणजे मॅट. गंमत म्हणजे मॅटसाठी पुस्तकी नफा काढताना डिफर्ड टॅक्सचा खर्च परत मिळवावा लागतो. पुढे ढकललेला कर दाखवून आजचा कर कमी करता येत नाही. २०१९ चा नवा दर घेणाऱ्या कंपन्यांना मॅट लागत नाही, पण त्यांना आधी भरलेल्या मॅटची साचलेली जमा सोडावी लागली. म्हणूनच काही कंपन्यांनी तेव्हा लगेच उडी मारली नाही.

असा मेसेज आला तर कंपनीच्या रोख प्रवाहाच्या पत्रकात 'भरलेला कर' ही ओळ बघा. नफा-तोटा पत्रकातला कर आणि तिथला कर यात मोठा फरक असेल, तर बहुतेक वेळा डिफर्ड टॅक्सच्या टिपेत उत्तर सापडतं.

खरा धोका कुठे आहे?

आतापर्यंतची उदाहरणं सरळ होती. घोळ होतो तो तोट्यातल्या कंपन्यांच्या बाबतीत.

समजा कंपनीला ४०० कोटी तोटा झाला. आयकरात धंद्यातला तोटा पुढे आठ वर्षं ओढता येतो आणि येणाऱ्या नफ्यातून वजा करता येतो. कंपनी म्हणते, पुढे नफा होईल तेव्हा माझा १०० कोटी कर वाचेल, म्हणून मी आजच १०० कोटींची मालमत्ता लिहिते. मग हेडलाइनमध्ये तोटा ३०० कोटीच दिसतो.

यात गृहीत काय धरलं? पुढे नफा होईल हे. जी कंपनी आज ४०० कोटी तोट्यात आहे, तिच्या भविष्यातल्या नफ्यावर ही मालमत्ता उभी आहे. म्हणूनच अकाउंटिंग स्टँडर्ड २२ सांगतं की साचलेल्या तोट्यावर अशी मालमत्ता लिहायची तर नफा होणार याची जवळजवळ खात्री हवी आणि त्याला पटेल असा पुरावा हवा. हातातल्या पक्क्या ऑर्डरी हा पुरावा होऊ शकतो, संचालकांचा आशावाद होऊ शकत नाही. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस १२ ची भाषा थोडी मवाळ आहे, पण तोट्याचा इतिहास असेल तर ठोस पुरावा तिथेही लागतो.

रिझर्व्ह बँकही या मालमत्तेवर पूर्ण विश्वास ठेवत नाही. साचलेल्या तोट्यावरची डिफर्ड टॅक्स मालमत्ता बँकेच्या मूळ भांडवलातून वजाच करावी लागते. तरतुदींसारख्या वेळेच्या फरकातून आलेली मालमत्ता धरता येते, पण तीही मर्यादेपर्यंतच.

तुमच्याकडे एखाद्या तोट्यातल्या कंपनीचा शेअर असेल तर तिचे तीन-चार वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा. तोटा दरवर्षी होतोय, डिफर्ड टॅक्स मालमत्ता दरवर्षी फुगतेय आणि नफ्याचा कुठे पत्ता नाही, असं दिसलं तर पुढे काय होऊ शकतं ते समजून घ्या. एखाद्या वर्षी ऑडिटर म्हणतो की आता खात्री राहिली नाही. साचलेली सगळी रक्कम एकाच तिमाहीत पुसली जाते, आणि कंपनी निवेदन काढते, "हा एकवेळचा खर्च आहे, यात रोख बाहेर गेलेली नाही."

ॲक्सिसच्या फटक्याबद्दलही असंच म्हणता आलं असतं, कारण त्या तिमाहीत खरोखर रोख गेली नव्हती. पण ती आधीच्या वर्षांत गेली होती, ३५ टक्क्यांच्या दराने, सरकारी तिजोरीत. ढिगामागे भरलेल्या कराच्या पावत्या होत्या. तोट्यातल्या कंपनीच्या ढिगामागे अशी एकही पावती नसते.